चार मिनिटांत चारशे शब्द: ऑनलाइन असाइनमेंट तपासताना वेळ आणि लांबीचा ताळा कसा घ्यावा

गेल्या सत्रात बी.ए.च्या मुलांना मी मूडलवर क्विझच्या रूपात एक असाइनमेंट दिली होती. पहिला प्रश्न दोन ओळींचा आणि दुसरा लांब: 'आपल्या भागातल्या एका व्यवसायावर 350 शब्दांत लिहा.' कुणी निपाणीच्या तंबाखूवर लिहिलं, कुणी खानापूरच्या कौलांवर, कुणी बेळगावच्या कुंद्यावर. तपासताना एका मुलीच्या उत्तरापाशी मी थांबलो. 412 शब्द आणि वेळ चार मिनिटं. दुसऱ्या एका मुलाचे 288 शब्द नऊ मिनिटांत आले होते. दोघांनीही कुठून तरी उचललं असणार, असं पहिल्या क्षणी वाटलं. त्यातल्या एकाच्या बाबतीत मी साफ चुकलो होतो, आणि ती चूक शेऱ्यात उतरण्याआधी कळली ती केवळ पुढच्या पायऱ्या एकेक करून घेतल्यामुळे. त्याच पायऱ्या इथं सांगतो. आकडे थोडे बदलले आहेत, मुलांची ओळख दिलेली नाही.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की धरावी लागते. वेळ आणि लांबी यांच्या भागाकारातून फक्त एवढंच कळतं की मजकूर त्या चौकटीत किती वेगानं आला. तो कुणी रचला, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे हा आकडा 'इथं जरा बघा' एवढंच सांगणारा आहे, आणि त्याच्या एकट्याच्या जोरावर कुणाचा एकही गुण कापू नये.

आधी बघा, तुमच्याकडे खरोखर वेळ आहे का

बरेच जण इथंच घसरतात. गूगल फॉर्मच्या शीटमध्ये `Timestamp` नावाचा एकच रकाना असतो आणि तो उत्तर पाठवल्याची वेळ दाखवतो. सुरुवात कधी केली ते तिथं नसतं. आमच्याच ओळखीच्या एका शिक्षकांनी लिंक टाकल्याची वेळ आणि `Timestamp` यांतला फरक 'लिहिण्याचा वेळ' म्हणून धरला होता. मुलगा दुपारी शेतावर होता, संध्याकाळी येऊन त्यानं लिहिलं, तर त्याच्या नावावर सहा तास लागले. असा आकडा काढण्यापेक्षा न काढलेला बरा. मायक्रोसॉफ्ट फॉर्म वापरत असाल तर एक्सेलमध्ये `Start time` आणि `Completion time` असे दोन्ही रकाने मिळतात, पण तो वेळ सगळ्या फॉर्मचा मिळून असतो, एकेका प्रश्नाचा नसतो.

मूडलच्या क्विझमध्ये यापेक्षा जास्त हाती लागतं, म्हणून लांब उत्तराचा प्रश्न मी असाइनमेंटमध्ये न ठेवता क्विझमध्ये निबंध-प्रश्न म्हणून ठेवतो. एखाद्याची उत्तरपत्रिका उघडली की प्रत्येक प्रश्नाखाली `Response history` हा तक्ता दिसतो. उत्तर कधी जतन झालं आणि तेव्हा त्यात काय मजकूर होता, हे त्यात असतं.

यात एक मेख आहे. मूडल मधूनमधून आपोआप जतन करत असतं, पण ते जतन केवळ नेट गेलं तर मजकूर वाचावा यासाठी असतं. मुलानं पान बदललं किंवा उत्तरपत्रिका पाठवली की ते पुसलं जातं. तक्त्यात उरतात फक्त पान बदलतानाच्या आणि शेवटच्या नोंदी. म्हणजे सगळे प्रश्न एकाच पानावर ठेवले तर कुठल्या प्रश्नाला किती वेळ गेला, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून क्विझ तयार करतानाच प्रत्येक प्रश्न नव्या पानावर टाका. मग पहिल्या प्रश्नाच्या `Saved` नोंदीपासून दुसऱ्या प्रश्नाच्या `Saved` नोंदीपर्यंतचा वेळ हा ढोबळमानानं दुसऱ्या प्रश्नाचा धरता येतो. मूल दोन्ही पानांवर ये-जा करत असेल तर नोंदी जास्त दिसतात. तेव्हा प्रत्येक नोंदीत मजकूर किती वाढला ते बघा. तीनदा परत येऊन वाढवत नेलेलं उत्तर सहसा स्वतः लिहिलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

मुलगी 7:42 ला पहिल्या प्रश्नावरून पुढं गेली आणि 7:46 ला दुसरं उत्तर जतन झालं. मुलगा 9:10 ला पुढं गेला, 9:19 ला उत्तर आलं. वेळ मिनिटांतच दिसत असेल तर दोन्ही टोकांना काही सेकंदांची गफलत असते, म्हणून 'चार मिनिटं' म्हणजे तीन ते पाचच्या मधलं काहीही. म्हणजे मुलीचा वेग मिनिटाला 82 पासून 137 शब्दांपर्यंत कुठंही असू शकतो. शंभरापेक्षा कमी शब्दांच्या उत्तरांना मी हा ताळा लावतच नाही, कारण तिथं एका मिनिटाच्या फरकानं आकडा कुठल्या कुठं जातो.

शब्द मोजताना

क्विझच्या निकालातून उत्तरांचा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घ्या. मुलं प्रश्नच वर चिकटवून मग उत्तर लिहितात, काही जण खाली पुस्तकांची यादी देतात. हे दोन्ही काढून टाका. असा मजकूर सगळेच चिकटवतात आणि त्यात गैर काही नाही, पण तो मोजला तर वेग उगाच फुगतो. उरलेला मजकूर D रकान्यात असेल तर शब्दसंख्या अशी मिळते:

```
=LEN(TRIM(SUBSTITUTE(D2,CHAR(10)," ")))-LEN(SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(D2,CHAR(10)," "))," ",""))+1
```

`CHAR(10)` चा तुकडा वगळू नका. तो नसेल तर परिच्छेदाचा शेवटचा आणि पुढच्याचा पहिला शब्द मिळून एकच मोजला जातो. नुसतं `LEN` वापरून अक्षरं मोजायचा मोहही टाळा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं एक्सेल वेगवेगळं मोजतं. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, एक्सेलला तो 10 दिसतो.

B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट आणि E मध्ये शब्दसंख्या असेल तर वेग:

```
=E2/((C2-B2)*1440)
```

इथं `#VALUE!` आलं तर तारीख मजकूर म्हणून उतरली आहे असं समजा आणि त्या वेळा हातानं भरा. वीस-पंचवीस उत्तरांना दहा मिनिटं लागतात.

आपल्या सीमाभागात यापुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकाच वर्गात कुणी मराठीत लिहितं, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत, आणि तसं लिहायची मोकळीकही आपण देतो. पण मराठी आणि कन्नडमध्ये प्रत्यय शब्दाला जोडून येतात. 'शाळेसमोरच्या' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याला चार-पाच लागतात. त्यामुळे इंग्रजीत लिहिणारं मूल मिनिटाला जास्त शब्द लिहिताना दिसतं, आणि त्याचा कशाशीही संबंध नसतो. सगळ्या वर्गाची एकच यादी लावलीत तर इंग्रजीतली उत्तरं उगाच वर चढतील. भाषेप्रमाणे तीन याद्या करा आणि प्रत्येक यादीचा वेग वेगळा बघा.

कशाशी ताडून बघायचं

'मिनिटाला इतक्या शब्दांच्या वर गेलं की कॉपी' अशी एक रेघ कुठं मिळेल का, असं मला सहकारी विचारतात. मिळणार नाही. फक्त अंदाजासाठी दोन खुणा लक्षात ठेवता येतात. महाराष्ट्रातल्या सरकारी टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला 30 आणि 40 शब्द अशा दोन पायऱ्या आहेत. हा वेग समोर तयार मजकूर ठेवून, शिकून, सराव करून आलेल्या माणसाचा आहे. विचार करत करत लिहिणारा त्याच्या कितीतरी मागं असतो. दुसरी खूण बोलण्याची: वहीतलं वाचून दाखवताना माणूस मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द सहज बोलतो. हा दुसरा आकडा पुढं कामाला येणार आहे.

खरा मापदंड तुमच्या मुलांचाच हवा. सत्राच्या सुरुवातीला एका तासात मी दोन छोटे लेखन-सराव घेतो. पहिल्यात दहा मिनिटं मनानं लिहायचं, विषय साधा, 'काल दिवसभरात काय केलं'. दुसऱ्यात पाच मिनिटं, समोर छापील परिच्छेद ठेवून तो जसाच्या तसा उतरवायचा. एरवी घरी ज्यावर लिहितात त्याच मोबाइलवर हे करायचं, कारण लॅबच्या कीबोर्डवर अनेक मुलं अडखळतात आणि मग तुलना फसते. याला गुण नसतात. कशासाठी घेतोय तेही मी सांगून टाकतो: पुढं उत्तराला लागलेला वेळ मी बघणार आहे, आणि शंका आली तर आधी तुम्हाला विचारणार आहे. हे सांगितल्याशिवाय वेळ बघणं मला बरोबर वाटत नाही.

यातून प्रत्येकाचे दोन वेग हाती येतात: मनानं लिहायचा आणि बघून लिहायचा. त्या मुलीचे ते आठ आणि 14 होते, त्या मुलाचे सहा आणि 15. आता असाइनमेंटचे आकडे यांच्या शेजारी ठेवा. 412 शब्द नुसते बघून उतरवायलाही तिला अर्धा तास लागला असता. 288 शब्दांना त्याला 19 मिनिटं. दोघांनीही बोटांनी ते सगळं तिथंच टाइप केलेलं नाही, इतकं नक्की झालं. पण इतकंच नक्की झालं.

वर्गाचा मध्य काढायला सरासरीऐवजी `MEDIAN` घ्या. एखाद्यानं पान उघडं ठेवून जेवण केलेलं असतं, एखाद्याचं नेट गेलेलं असतं, आणि अशा एक-दोन आकड्यांनी सरासरी वाकडी होते. माझ्या 23 मराठी उत्तरांचा मध्य मिनिटाला सात शब्द होता. त्याच्या दुप्पट-अडीचपटीपर्यंतचे वेग मी सोडून देतो. तिथं चलाख बोटं आणि आधी केलेला विचार एवढ्यानं भागतं.

प्रामाणिक कारणं आधी संपवा

वेग जास्त असण्याची सरळ कारणं आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती एकेक करून बाजूला काढल्याशिवाय पुढं जाऊ नये. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलातल्या गावांत रेंज मिळणं मुश्कील. मुलं घरी वहीत लिहितात, मग रस्त्यावर रेंज सापडेल तिथं येऊन भराभर भरतात. काही जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवतात आणि तिथून चिकटवतात. घरात एकच फोन असेल तर ताईचं झाल्यावर धाकट्याला मिळतो, त्यामुळे तयारी आधीच करून ठेवावी लागते. ज्याला दिसायला किंवा बोटं चालवायला अडचण आहे, तो बोलून लिहितो. आणि हल्ली बोलून लिहिणं अडचण नसलेलीही कितीतरी मुलं करतात, कारण मराठी कीबोर्डवर माइकचं बटण समोरच असतं.

बोलून लिहिलेला मजकूर ओळखता येतो. मुलीचं उत्तर मी या नजरेनं पुन्हा वाचलं तेव्हा चित्रच बदललं. सबंध 412 शब्दांत पूर्णविराम तीन. 'कौलांची भट्टी' हे दोन ठिकाणी 'कौलांची भेटी' झालेलं. 'चिखल मळून' ऐवजी 'चिखल म्हणून'. हात चुकला तर शेजारचं अक्षर पडतं. इथं मात्र उच्चारानं जवळचे, पण अर्थानं भलतेच शब्द आले होते. ही कानाची चूक असते, बोटाची नसते. आणि 412 शब्द चार मिनिटांत म्हणजे मिनिटाला 103, म्हणजे वाचून दाखवण्याचा वेग.

तिला बोलावलं. 'कॉपी केलीस का' असं मी विचारत नाही, त्यानं पोर एक तर रडतं नाही तर अडून बसतं. 'हा मजकूर मोबाइलमध्ये कसा आला ते सांग बघू' एवढंच विचारतो. ती म्हणाली, "सर, घरात रेंज नाही म्हणून वहीत लिवून ठेवलं होतं. मग आजोळी गेलो तवा तिथं वाचून दाखवलो फोनला." (आमच्याकडं मुलीही 'गेलो'च म्हणतात.) दुसऱ्या दिवशी तिनं वही आणली. दोन पानं, खाडाखोड, समासात बाणानं जोडलेली वाक्यं, आणि एका ठिकाणी कौलं भाजायला किती दिवस लागतात ते आजोबांना विचारून नंतर वेगळ्या पेनानं भरलेलं. पूर्ण गुण दिले.

दुसरा पुरावा स्वतंत्र हवा

मुलाच्या बाबतीत अशी कुठलीच खूण नव्हती. शुद्धलेखन नीट, विरामचिन्हं जागच्या जागी, परिच्छेद सारखे. तरीही एवढ्यावर काही ठरत नाही, कारण व्यवस्थित लिहिणारं मूलही वहीतून किंवा दुसऱ्या ॲपमधून आणू शकतं. इथं वेगाशी ज्याचा संबंध नाही असा दुसरा धागा शोधावा लागतो. 'वेग जास्त आहे' आणि 'एकदम जतन झालं' हे दोन पुरावे नाहीत, ती एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी आहे.

वेगळा धागा मजकुरात मिळतो. निपाणीच्या तंबाखूवरच्या त्याच्या उत्तरात तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं, 'मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे मजुरांचे प्रमाण…'. साडेतीनशे शब्दांच्या उत्तराला मागचं प्रकरण कुठून येणार? हे एखाद्या प्रकल्पवहीतून उचललेलं होतं. शिवाय त्याच्या आधीच्या परीक्षेतल्या, समोर बसून लिहिलेल्या उत्तरांत वाक्यं तोकडी आणि बोलीतली होती, इथं सगळी लांब आणि ग्रांथिक. भाषेतला हा फरक मी फार जोरात धरत नाही. घरी बसून मूल नीट लिहू शकतं, आणि सीमाभागातलं मराठी मूल तर बोलीची लाज वाटून मुद्दाम पुस्तकी लिहायला जातं. पण 'मागील प्रकरण' हे मात्र टिकणारं होतं.

मग पाच मिनिटं बोलणं. प्रश्न परीक्षेचे नसावेत, लिहिणाऱ्याला आपोआप माहीत असतील असे असावेत. 'हे तू कुणाला विचारलंस?' 'यातलं काय लिहायचं राहिलं?' 'इथं हंगामी मजूर म्हणालास, म्हणजे साधारण कोणत्या महिन्यांत?' मुलीनं कौलांबद्दल विचारल्यावर थांबवेपर्यंत सांगितलं होतं. मुलगा तिसऱ्या प्रश्नाला गप्प झाला आणि म्हणाला, "दादाच्या प्रोजेक्टातलं हाय सर, वेळ नव्हता." त्याला ते उत्तर पुन्हा, वर्गात बसून, लिहायला लावलं. दुसऱ्या खेपेचे गुण धरले. त्यानं दीडशेच शब्द लिहिले, पण त्यात त्याची आई विड्या वळायची ते होतं, आणि पहिल्या उत्तरात ते कुठंच नव्हतं.

समजा, तो कबूल झाला नसता आणि प्रश्नांची उत्तरं बरी दिली असती. तर मी सोडून दिलं असतं. वेग अडीचपटीहून कितीही वर असो, दुसरा धागा हाती नसेल आणि मूल आपल्या उत्तराबद्दल नीट बोलत असेल, तर तिथं थांबायचं.

या ताळ्यातून जे निसटतं

त्याच वर्गात दोन मुलांची उत्तरं जवळजवळ शब्दाला शब्द सारखी निघाली. एकाचा वेळ 44 मिनिटं, दुसऱ्याचा 51, दोघांचाही वेग वर्गाच्या मध्याशी मिळता. एकमेकांशेजारी बसून, बघून, सावकाश टाइप केलं होतं. माझ्या यादीत ते दोघं अगदी मधोमध, कुठलीही शंका न येणाऱ्या जागी होते. ते सापडले फक्त मी सगळी उत्तरं वाचली म्हणून. तेव्हा वेग बरा दिसतो म्हणून उत्तर स्वच्छ, असा उलटा अर्थ कधीही काढू नका. आणि लागलेला जास्त वेळ म्हणजे जास्त मेहनत, असं धरून गुणही वाढवू नका. पान उघडं होतं एवढंच त्यातून कळतं.

नोंद ठेवताना मी तीनच ओळी लिहितो: वेळा आणि शब्दसंख्या जशा दिसल्या तशा, मुलाचं म्हणणं त्याच्या शब्दांत, आणि काय ठरवलं. 'संशयास्पद' हा शब्द वापरत नाही. वेगांची यादी वर्गाच्या ग्रुपवर कधीच टाकत नाही. एकदा एका महाविद्यालयात अशी यादी नावांसकट फिरली होती आणि ज्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं ते दोन आठवडे वर्गात आलं नाही.

यंदा क्विझमध्ये एक छोटा बदल केला आहे. निबंध-प्रश्नात फाइल जोडायची सोय चालू केली आणि सूचनेत लिहिलं: 'वहीत लिहून मग इथं भरलं असेल किंवा बोलून लिहिलं असेल तर हरकत नाही, वहीच्या पानाचा फोटो जोडा.' पहिल्याच खेपेला सात फोटो आले. त्यातल्या पाच जणांचा वेग माझ्या यादीत वर चढलेला होता, आणि त्यांच्यापैकी एकालाही बोलवावं लागलं नाही.